पोटात टोचायचं इंजेक्शन: जिला हवं तिला मिळत नाही, जिला नको तिला नऊ महिने

गरोदर बाईच्या फाइलमध्ये हल्ली एक ओळ फार वेळा दिसते: "इंज. एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ, रोज एक, पोटात." का, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "रक्त घट्ट आहे म्हणाले", नाहीतर "बाळाला रक्तपुरवठा नीट व्हावा म्हणून". त्याच ओपीडीत दुसरी एखादी बाई बसलेली असते. पाच वर्षांपूर्वी गोळ्या चालू असताना तिच्या पायात गुठळी झाली होती. आता तिला दिवस गेलेत. तिला हे इंजेक्शन कुणी दिलेलं नसतं, कारण तो जुना आजार तिला कुणी विचारलेलाच नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे इंजेक्शन कुणाला द्यायचं हे बाईच्या इतिहासावरून ठरतं, लॅबच्या रिपोर्टवरून क्वचितच. आपण इतिहास विचारायचं सोडून रिपोर्ट बघत बसलो आहोत. त्यामुळे औषध चांगलं असूनही ते चुकीच्या बाईला जातं.

गरोदरपणात रक्त का गोठतं?

बाळंतपणात वार सुटते तेव्हा गर्भाशयाच्या आत मोठी उघडी जखम राहते. तिथून होणारा रक्तस्राव लवकर थांबला नाही तर बाई दगावू शकते. निसर्गाने त्याची तयारी आधीच करून ठेवलेली असते. दिवस गेल्यापासूनच यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवू लागतं आणि गोठणं आवरणारं प्रोटीन एस नावाचं द्रव्य कमी होतं. हा आजार नाही, शरीराने केलेली तजवीज आहे.

पण तिची किंमत मोजावी लागते. वाढतं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरांवर दाब देतं आणि पायातून वर येणारं रक्त रेंगाळतं. डाव्या पायाची मुख्य शीर तर एका धमनीखालून जाते, म्हणून ती जास्त दबते. गरोदरपणातल्या पायाच्या गुठळ्या बहुतेक वेळा डाव्या पायात होतात त्या यामुळेच. अशा गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जीव जाऊ शकतो.

संयुक्त गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन असतं आणि ते यकृताला तोच निरोप देतं, फक्त हलक्या आवाजात. म्हणून गोळी आणि गरोदरपण हे दोन वेगळे विषय नाहीत. एकाच रस्त्यावरचे ते दोन टप्पे आहेत. गोळीवर जिला गुठळी झाली, तिने गरोदरपणात काय होऊ शकतं याची सूचनाच दिलेली असते.

भीती गोळीची, धोका गरोदरपणाचा

युरोपातले आकडे साधारण असे आहेत. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० तरुण स्त्रियांमध्ये वर्षभरात सुमारे २ जणींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये ५ ते ७ जणींना. ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या नव्या गोळ्यांवर ९ ते १२ जणींना. आणि १०,००० गरोदरपणांमागे १० ते २० जणींना. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत तर दर दिवसाचा धोका नऊ महिन्यांतल्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त असतो.

म्हणजे "गोळ्यांनी गुठळ्या होतात, नको ते" म्हणून गोळी बंद केली आणि नको असताना दिवस गेले, तर ती बाई मोठ्या धोक्यात गेली. हे इंग्लंडमध्ये घडून गेलं आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या औषध-सुरक्षा समितीने काही गोळ्यांबद्दल गुठळीचा इशारा दिला. बायकांनी घाबरून गोळ्या मध्येच सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपातांची संख्या हजारोंनी वाढली. आपल्या सरकारी माला-डीमध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेलच आहे, म्हणजे ती कमी धोक्याच्या गटातली. निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या तरुण बाईने तिला घाबरायचं कारण नाही.

माझी तक्रार गोळीबद्दल नाहीच. गोळी देताना प्रश्न विचारला जात नाही, ही तक्रार आहे.

पीसीओडी म्हणून कॉलेजमधल्या मुलीला सहा महिन्यांच्या गोळ्या लिहिल्या जातात. गुठळीचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो. मध्येच सोडून पुन्हा चालू केली की तो पुन्हा वाढतो. तरीही "तुला किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला तरुणपणी पायात, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी झाली होती का?" हा प्रश्न किती जणींना विचारला जातो?

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं तर विचारूच नका. घरी गणपती आहेत, सत्यनारायण आहे, नणंदेचं लग्न आहे. केमिस्टकडून नॉरएथिस्टेरॉनची पाकिटं येतात आणि सगळ्या जावा मिळून घेतात. "यात इस्ट्रोजेन नाही, हे सुरक्षित" असा समज आहे. पण पाळी पुढे ढकलायला ५ मिग्रॅची गोळी दिवसातून तीनदा घेतात. एवढ्या डोसातला काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, कमी ताकदीच्या गर्भनिरोधक गोळीत असतं साधारण तेवढं. निरोगी बाईला चार-आठ दिवसांत बहुधा काही होत नाही. पण जिला आधी गुठळी झाली आहे तिने ही गोळी दुकानातून आणून घेणं धोक्याचं आहे. देव पाळीवर रागावत नाही, पण हा वाद घरात घालायचा नसेल तर निदान डॉक्टरांना विचारून दुसरं औषध घ्या.

हे इंजेक्शन नेमकं काय करतं?

एनॉक्सापॅरिन, डाल्टेपॅरिन ही कमी रेणुभाराची हेपरिन आहेत. "रक्त पातळ करणारं" हा शब्द सोयीचा असला तरी फसवा आहे. रक्ताचा घट्टपणा यात बदलत नाही. रक्त गोठण्याच्या साखळीतली एक कडी हे औषध अडवतं, त्यामुळे नवी गुठळी होत नाही आणि असलेली वाढत नाही. असलेली गुठळी विरघळवण्याचं काम शरीर स्वतः हळूहळू करतं.

गरोदरपणात हेच का? कारण याचा रेणू वार ओलांडत नाही. औषध आईच्या रक्तात राहतं, बाळापर्यंत पोहोचत नाही. वॉरफरिनची गोळी वार ओलांडते आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाकाची, हाडांची वाढ बिघडवू शकते. रक्त न गोठण्याच्या नव्या गोळ्याही गरोदरपणात देत नाहीत. म्हणून गोळी सोडून सुई.

ही हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतात. काही घरांत ही गोष्ट महत्त्वाची असते. ती आधी सांगावी, नऊ महिन्यांनी कळू नये.

डोस दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत करू नका. गुठळी होऊ नये म्हणून दिलेला प्रतिबंधक डोस लहान असतो: ५० ते ९० किलो वजनाच्या बाईला एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ, दिवसातून एकदा. झालेल्या गुठळीवर उपचार म्हणून दिलेला डोस मोठा असतो: दर किलोला १ मिग्रॅ, दिवसातून दोनदा. म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० मिग्रॅ सकाळी, ६० संध्याकाळी. मैत्रिणीची सिरिंज आणि तुमची सिरिंज एकच, असं समजू नका.

"नुकसान तर नाही ना? घेऊन टाका"

आता ज्यांना हे इंजेक्शन उगाच मिळतं त्यांच्याकडे वळू. कारणं बहुतेक तीन असतात.

पहिलं, डी-डायमर वाढलं. गरोदरपणात डी-डायमर वाढतंच. शेवटच्या तीन महिन्यांत बहुतेक निरोगी गर्भवतींचा आकडा लॅबने छापलेल्या मर्यादेच्या वर असतो, कारण ती मर्यादा गरोदर नसलेल्यांची आहे. काहीही लक्षण नसताना ही तपासणी करायची, लाल अक्षरातला आकडा दाखवायचा आणि सुई चालू करायची, याला शास्त्र म्हणत नाहीत.

दुसरं, एमटीएचएफआर जनुकात बदल सापडला. हा बदल इतका सर्रास आढळतो की शोधाल त्या घरात कुणाकडे तरी सापडेल. त्यावरून हेपरिन देण्याला आधार नाही. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना ही तपासणी करूच नका म्हणते.

तिसरं कारण सर्वांत नाजूक आहे: आधीचा गर्भपात. सुरुवातीच्या महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांमध्ये गुणसूत्रांचीच गडबड असते. तिथे हेपरिन काहीही करू शकत नाही. पण ज्यांचे गर्भपात एकापेक्षा जास्त आहेत आणि रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोषही आहे त्यांना तरी फायदा होतो का? हा प्रश्न 'अलाइफ-२' नावाच्या अभ्यासात विचारला गेला आणि उत्तर २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. अशा ३२६ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज हेपरिन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झालं, न घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के. फरक पडला तो पोटावरच्या काळ्यानिळ्या डागांत.

ज्यांना गर्भपातासाठी हेपरिन खरोखर लागतं असा एक गट आहे: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लागोपाठ तीन लवकरचे गर्भपात किंवा दहा आठवड्यांनंतर गेलेलं बाळ, आणि त्यासोबत रक्तातली ठरावीक प्रतिद्रव्यं. ही प्रतिद्रव्यं एकदा सापडून भागत नाही, १२ आठवड्यांनी पुन्हा तपासून तेव्हाही सापडायला हवीत. या स्त्रियांना कमी डोसाची अॅस्पिरिन आणि हेपरिन दिल्याने बाळ वाचण्याची शक्यता वाढते. एकाच रिपोर्टवर हा शिक्का मारणंही बरोबर नाही आणि तीन गर्भपातांनंतर ही तपासणी न करणंही बरोबर नाही.

यावर माझे काही सहकारी म्हणतात, "पेशंट घाबरलेली असते. काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. नुकसान काय आहे?" मला हा युक्तिवाद समजतो, पटत नाही. सातव्या आठवड्यापासून अडतिसाव्या आठवड्यापर्यंत रोज एक म्हटलं तर सव्वादोनशेच्या आसपास सुया होतात, आणि प्रत्येक सुई काही शे रुपयांची. काहींना त्वचेवर खाजरी चट्टे उठतात. क्वचित प्लेटलेट्स उतरतात. प्रसूतीच्या वेळी डोस नुकताच झालेला असेल तर मणक्यातली भूल देता येत नाही आणि घाईत पूर्ण भूल द्यावी लागते. शिवाय बाळ सुखरूप झालं की श्रेय सुईला जातं, पुढच्या खेपेला तीच सुई पुन्हा मागितली जाते आणि जावेलाही सुचवली जाते.

सर्वांत मोठी विसंगती म्हणजे याच बायकांना "पूर्ण बेडरेस्ट" सांगितलेली असते. महिनोन्‌महिने झोपून राहणं हेच गुठळीला आमंत्रण आहे. एका हाताने धोका वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने त्यावर सुई टोचायची.

जिला खरंच हवं, तिची गोष्ट

एक उदाहरण घेऊ. वय २९, वजन ६४ किलो. २४ व्या वर्षी पीसीओडीसाठी गोळ्या चालू झाल्या, चौथ्या महिन्यात डावा पाय सुजला, डॉप्लरमध्ये मांडीच्या शिरेत गुठळी दिसली. काही महिने औषध घेतलं, बरी झाली. आता सात आठवड्यांची गरोदर आहे. पहिल्या भेटीत तिने सांगितलं, "तसा काही आजार नाही." तिच्या दृष्टीने तो विषय संपलेला होता.

"कधी गुठळी झाली होती का, रक्त पातळ करायचं औषध घेतलं होतं का?" असं विचारल्यावर ती हे सांगते. पुढचा प्रश्न, कशामुळे? पाय मोडून प्लास्टरमध्ये होता म्हणून झाली असती तर गरोदरपणात बहुधा लक्ष ठेवून भागलं असतं आणि बाळंतपणानंतर सुई दिली असती. पण हिची गुठळी इस्ट्रोजेनवर झाली होती. गरोदरपणात तेच संप्रेरक कितीतरी जास्त असणार. म्हणून हिला प्रतिबंधक डोस आतापासूनच हवा. डी-डायमरची गरज नाही, जनुकांच्या महागड्या तपासण्यांनीही हा निर्णय बदलणार नाही.

४० मिग्रॅ, रोज रात्री ८ वाजता. पोटावर बेंबीपासून थोडं दूर किंवा मांडीवर बाहेरच्या बाजूला. कातडीची चिमट धरायची, सुई सरळ आत घालायची, औषध संपेपर्यंत चिमट सोडायची नाही. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. टोचल्यावर चोळायचं नाही, चोळलं की निळं पडतं. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. सुई बाळाला लागत नाही, ती कातडीखालच्या चरबीतच थांबते.

प्रसूतीची योजना शेवटच्या महिन्याच्या आधी कागदावर लिहून ठेवायची. कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या किंवा रक्त दिसलं तर पुढची सुई घ्यायची नाही, आधी दवाखान्यात फोन. प्रतिबंधक डोसानंतर १२ तास आणि उपचाराच्या मोठ्या डोसानंतर २४ तास गेल्याशिवाय मणक्यात भुलीची सुई देत नाहीत, कारण तिथे रक्त साचलं तर पाय लुळे पडू शकतात. सिझेरियन सकाळी ९ ला ठरलं असेल तर आदल्या रात्री ८ चा डोस चालतो, मध्ये १३ तास जातात. ऑपरेशननंतर रक्तस्राव आटोक्यात आहे हे पाहून साधारण ६ ते १२ तासांनी सुई पुन्हा चालू.

आणि इथेच सर्वांत मोठी चूक होते. बाळ झालं, पेढे वाटले, सुई बंद! खरा धोक्याचा काळ तर आता सुरू होतो. हिला पुढचे सहा आठवडे, म्हणजे आणखी ४२ दिवस सुई हवी. अंगावर पाजायला हरकत नाही. आणि दोन मुलांत अंतर ठेवायचं तर हिने इस्ट्रोजेनची गोळी पुन्हा कधी घ्यायची नाही. तांबी आहे, इस्ट्रोजेन नसलेले इतर पर्यायही आहेत.

बाळंतिणीचा पाय चोळू नका

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला खाटेवर ठेवतात, पाणी बेताने देतात, मालिशवाली रोज येते. शेक-मालिशला माझा विरोध नाही. पण बाळंतिणीने दुसऱ्या दिवसापासून घरात चालावं आणि तहान लागेल तेवढं पाणी प्यावं.

दोन्ही पावलांना थोडी सूज गरोदरपणात येतेच. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुसरीपेक्षा दोन सेंटिमीटरने जाड झाली, मांडी किंवा जांघ दुखू लागली, तर तो "वात" समजून चोळू नका. त्याच दिवशी डॉप्लर करा. त्यात किरणोत्सर्ग नसतो, बाळाला काही होत नाही. संशय दाट असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता उपचाराचा डोस सुरू करतात. अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं ही फुप्फुसातल्या गुठळीची लक्षणं आहेत. बाळंतपणानंतर सतत वाढणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं किंवा फिट ही मेंदूतल्या शिरेत गुठळी झाल्याची असू शकतात. "जागरणाने डोकं दुखतंय" म्हणून घरी थांबू नका.

मग तुम्ही काय करायचं?

तुम्हाला कधी गुठळी झाली असेल तर ते कुणी विचारलं नाही तरी सांगा: पहिल्या भेटीत, गोळी लिहिताना आणि पाळी पुढे ढकलायची गोळी घेण्याआधीही. डॉप्लरचा जुना रिपोर्ट जपून ठेवा.

सध्या सुई चालू असेल तर हा लेख वाचून ती परस्पर बंद करू नका. तुम्ही पहिल्या गटातल्या की दुसऱ्या, हे मला इथून कळणार नाही. डॉक्टरांना विचारा, "मला हे कशासाठी आहे, प्रतिबंधक डोस आहे की उपचाराचा, आणि बाळंतपणानंतर किती दिवस?" ज्यांनी विचार करून लिहिलं आहे ते एका मिनिटात उत्तर देतील. उत्तर फक्त "रक्त घट्ट आहे" एवढंच आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.